क्लेमच्या जोडपत्रांना नंबर कसे द्यायचे?

समजा, डीप फ्रीजर बंद पडून दुकानातलं आइस्क्रीम वितळलं. तुमच्या विम्यात ते कव्हर आहे, म्हणून तुम्ही क्लेमचं पत्र लिहिताय. आधी पत्र पूर्ण लिहा. पत्रात ज्या क्रमाने कागदाचा उल्लेख येतो, त्याच क्रमाने जोडपत्र १, २, ३ असे नंबर द्या. असं:

"१२ मे रोजी सकाळी ६ वाजता तापमान उणे १८ वरून उणे २ अंशांवर आलेलं दिसलं (जोडपत्र १: नोंदवहीचं पान, ओळ ७). माल वितळला (जोडपत्र २, फोटो २-अ आणि २-ब). त्याची खरेदी किंमत ८,४०० रुपये होती (जोडपत्र ३: बिल)."

नुसतं "सोबत फोटो जोडले आहेत" लिहिलं, तर कुठला फोटो कशासाठी, हे सर्व्हेअरला कळत नाही. तोच नंबर प्रत्येक कागदावर वर उजव्या कोपऱ्यात लिहा.

पत्र दिल्यावर आणखी एक बिल सापडलं? ते मध्ये घुसवू नका, नाहीतर पुढचे सगळे उल्लेख चुकतील. त्याला जोडपत्र ४ द्या आणि पुरवणी पत्रात त्याचा उल्लेख करा.

पाठवण्याआधी उलटी तपासणी करा. एकेक कागद हातात घेऊन त्याचा नंबर पत्रात शोधा, तारीख आणि रक्कम जुळवा. नंबर सापडला नाही, तर एक वाक्य राहिलंय किंवा तो कागद जास्तीचा आहे.