चुकलेल्या गाडीचे गणित

समजा, तुम्ही पुण्यात वारजे येथे राहता आणि रविवारी सकाळी एका शिष्यवृत्ती परीक्षेसाठी तुम्हाला पिंपरीला जायचे आहे. केंद्राचे फाटक बरोबर दहा वाजता बंद होणार आहे. तुम्ही मोबाइलवरचे प्रवासाचे अ‍ॅप उघडता, निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण घालता, आणि क्षणार्धात उत्तर येते : ८९ मिनिटे. त्याच पडद्यावर दुसराही मार्ग दिसतो : ८५ मिनिटे. कोणता निवडाल?

८५ हा आकडा ८९ पेक्षा लहान आहे, हे खरे. पण या ठिकाणी वजाबाकी करून भागत नाही. का, ते आपण पायरीपायरीने पाहू. पुढे दिलेल्या बस आणि मेट्रोच्या वेळा हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतल्या आहेत. तुम्ही गणित करताना त्या दिवसाच्या वेळा घ्या.

पहिला मार्ग असा आहे. घरून ८.१५ ला निघायचे, पाच मिनिटे चालून थांब्यावर यायचे आणि ८.२० ची बस पकडायची. ती कर्वे रस्त्याने ८.४० ला नळ स्टॉपला पोहोचते. थांब्यावरून मेट्रोच्या फलाटावर जाण्यास ६ मिनिटे धरली आहेत. ८.४९ ची मेट्रो ८.५९ ला जिल्हा न्यायालय स्थानकात येते. तेथे वनाझ-रामवाडी मार्ग सोडून पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्या मार्गावर गाडी बदलायची. त्यासाठी पुन्हा ६ मिनिटे. ९.०८ ची गाडी ९.३२ ला शेवटच्या म्हणजे पीसीएमसी स्थानकात पोहोचते. स्थानकाबाहेर येऊन केंद्रापर्यंत चालायला १२ मिनिटे. पोहोचण्याची वेळ ९.४४.

आता या ८९ मिनिटांची फोड करू. प्रत्यक्ष वाहनात बसून घालवलेली ५४, चालण्याची २९ आणि वाट पाहण्याची ६. नीट पाहिले, तर यांतील वाहनात बसण्याचा आणि चालण्याचा वेळ फारसा बदलत नाही. सारी अनिश्चितता लपली आहे ती त्या ६ मिनिटांत. नळ स्टॉपला ३ आणि जिल्हा न्यायालयाला ३ मिनिटे एवढीच उसंत आपल्याला आहे.

गाडी बदलण्याची ६ मिनिटे अ‍ॅपला कोठून कळली? २००५ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून वेळापत्रके लिहिण्याची एक ठरावीक पद्धत तयार केली. तिला जीटीएफएस म्हणतात. आज जगभरातील अनेक शहरांची वेळापत्रके याच पद्धतीने लिहिली जातात. त्यात साध्या मजकुराच्या काही फाइली असतात. कोणती गाडी कोणत्या थांब्यावर किती वाजता येते, हे `stop_times.txt` या फाइलीत असते. एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्यास निदान किती वेळ लागतो, हे `transfers.txt` मध्ये लिहिता येते. नमुन्यादाखल त्यातल्या दोन ओळी पाहा :

```
from_stop_id,to_stop_id,transfer_type,min_transfer_time
COURT_A,COURT_B,2,360
```

शेवटचा आकडा सेकंदांत असतो. ३६० सेकंद म्हणजे ६ मिनिटे. हा आकडा ज्याने भरला, त्याने तो काळजीपूर्वक भरला असेल तर ठीक. भरलाच नसेल, तर अ‍ॅप दोन ठिकाणांमधल्या अंतरावरून स्वतःच अंदाज करते, आणि नकाशावर जवळ दिसणारी ठिकाणे प्रत्यक्षात दूर असू शकतात. जिल्हा न्यायालय स्थानकाचेच उदाहरण घ्या. एक मार्ग रस्त्याच्या वर खांबांवरून जातो, तर दुसऱ्याचे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. सरकता जिना साधारणपणे ३० अंशांच्या चढाचा असतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असतो. ३० अंशांचा साइन अर्धा, म्हणून तुम्ही सरळ खाली जाता तो वेग सेकंदाला पाव मीटर. ३३ मीटर उतरायला १३२ सेकंद, म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या आसपास वेळ नुसते जिन्यावर उभे राहण्यातच जातो. वरच्या फलाटावरून रस्त्याच्या पातळीपर्यंतचे अंतर, एका जिन्याकडून दुसऱ्याकडे चालणे आणि गर्दी हे सारे वेगळेच. नकाशावर मात्र ही दोन्ही स्थानके एकाच टिंबात दिसतात!

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅप गाडीबदलाची तपासणी कशी करते? तुम्ही फलाटावर पोहोचण्याची वेळ गाडी सुटण्याच्या वेळेच्या आधी असली किंवा तितकीच असली, की त्याच्या लेखी गाडी मिळाली. उसंत शून्य मिनिटांची असो की नऊ मिनिटांची, त्याला दोन्ही सारखेच. गाडी चुकली तर काय, हा प्रश्न ते स्वतःला विचारत नाही. तो आपण विचारायचा.

समजा, सकाळची बस ३ मिनिटे उशिरा आली. तुम्ही ८.४९ ला फलाटावर पोहोचता, गाडी सापडते आणि नुकसान शून्य. बस ७ मिनिटे उशिरा आली, तर ८.४९ ची मेट्रो चुकते. पण मेट्रो दर १० मिनिटांनी आहे. ८.५९ ची मिळते, पुढची जोडगाडी ९.१८ ची, आणि तुम्ही ९.५४ ला केंद्रावर. बस १३ मिनिटे उशिरा आली, तरी तुम्ही बरोबर ८.५९ ला फलाटावर असता आणि उत्तर तेच राहते. म्हणजे १३ मिनिटांपर्यंतच्या उशिराची किंमत फार तर १० मिनिटे.

हाच प्रश्न परतीच्या प्रवासाला विचारा. परीक्षा १ वाजता संपली. १.१५ ची मेट्रो १.३९ ला जिल्हा न्यायालयात, गाडी बदलून १.४७ ची, १.५७ ला नळ स्टॉप, रस्ता ओलांडून २.०३ ला बसथांब्यावर आणि २.०५ ची बस. घरी २.३०. रस्ता तोच, एकूण वेळ ९० मिनिटे. पण दुपारी ही बस दर अर्ध्या तासाने आहे असे धरा. समजा, जिल्हा न्यायालयात जिन्यापाशी गर्दी होती आणि १.४७ ची गाडी तुमच्या डोळ्यांदेखत गेली. पुढची १.५७ ची, नळ स्टॉप २.०७, बसथांबा २.१३. बस गेलेली! पुढची २.३५ ला. घरी ३ वाजता. एका मिनिटाच्या उशिराची किंमत ३० मिनिटे.

जाताना तेच तीन वाहनांचे टप्पे होते आणि येतानाही तेच. मग एवढा फरक का पडला? कारण जाताना तुम्ही विरळ गाडीतून उतरून दाट गाडीत चढलात, आणि येताना दाट गाडीतून उतरून विरळ गाडीत. गाडी चुकण्याची शिक्षा आधीच्या गाडीवर अवलंबून नसते. ती पुढच्या गाडीच्या दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ आहे, यावर ठरते.

यावरून एक नियम सांगता येतो. विरळ गाडीच्या आधी निदान दाट गाडीच्या एका फेरीइतकी उसंत ठेवावी. परतीला हा नियम लावू. २.३५ ची बस धरून उलटे मागे येऊ. १.३५ ची मेट्रो घेतली तर जिल्हा न्यायालयात १.५९, तेथून २.०७ ची गाडी, नळ स्टॉप २.१७ आणि थांब्यावर २.२३. बसला १२ मिनिटे आहेत. एखादी मेट्रो चुकली, तरी २.३३ ला थांब्यावर पोहोचून तीच बस मिळते. घरी पोहोचण्याची वेळ ३ वाजताची. पण मधली २० मिनिटे थांब्यावर ताटकळत न घालवता पिंपरीतच डबा खाण्यात घालवता येतात.

आता सुरुवातीच्या ८५ मिनिटांकडे वळू. त्या मार्गात शेवटचा टप्पा पायी नाही. पीसीएमसी स्थानकातून ४ मिनिटांत बाहेर येऊन ९.३६ ची बस घ्यायची आणि ९.४० ला केंद्रावर उतरायचे. उसंत शून्य! बस मिळाली तर ४ मिनिटांचा फायदा. बस दर १५ मिनिटांनी असेल आणि चुकली, तर ९.५५ ला पोहोचणार, म्हणजे चालत जाणाऱ्याच्या ११ मिनिटे मागे. फायदा ४, तोटा ११. पंधरा वेळा असा प्रवास केला आणि चारपेक्षा अधिक वेळा बस चुकली, तर सरासरीनेही चालणारा जिंकतो. तुम्ही म्हणाल, बस चुकली की लगेच चालू लागावे. पण थांब्यावर उभे राहिल्यावर बस गेली की अजून यायची आहे, हे कळते का? काही अ‍ॅपमध्ये बस आत्ता कोठे आहे ते दिसते. तेथे हा प्रश्न सुटतो. मात्र घरून निघताना पाहिलेले स्थान सव्वा तासानंतरच्या बसबद्दल काही सांगत नाही. पायी टप्प्याला वेळापत्रक नसते, म्हणून तो चुकतही नाही.

एक गोष्ट राहिली. सकाळच्या हिशेबात वाट पाहण्याची ६ मिनिटे मोजली, त्यात वारजे येथील पहिल्या बसची वाट धरलेलीच नाही. तुम्ही ८.२० ला थांब्यावर आणि बसही ८.२० ला, असे अ‍ॅप समजते. ही बस मिनिटभर आधी निघून गेली किंवा आलीच नाही, तर? पुढची ८.४० ची, ती नळ स्टॉपला ९ वाजता, मेट्रो ९.०९ ची, मग ९.२८ ची, आणि केंद्रावर १०.०४. फाटक बंद! म्हणून परीक्षेच्या दिवशी ८ वाजताचीच बस धरायची, आणि तीही पाच मिनिटे आधी थांब्यावर जाऊन. सारे सुरळीत झाले तर तुम्ही ९.२४ ला पोहोचाल. ती आली नाही तर ८.२० ची आहे, आणि ती काही मिनिटे रखडली तरी ९.५४ ला तुम्ही आत असाल.

करून पाहा : तुमच्या नेहमीच्या प्रवासातील एक गाडीबदल निवडा. वाहनातून उतरल्यापासून पुढच्या थांब्यावर किंवा फलाटावर उभे राहीपर्यंतचा वेळ घड्याळाने दहा वेळा मोजा आणि वहीत लिहा. शेजारी अ‍ॅपने दिलेला वेळ लिहा. दहा नोंदींची सरासरी काढा, पण सर्वांत मोठ्या नोंदीखाली रेघ ओढायला विसरू नका. रोजच्या फेरफटक्याला सरासरी पुरते. फाटक बंद होणार असेल त्या दिवशी हिशेब रेघ ओढलेल्या आकड्याने करायचा असतो.