शब्द ठेवा, वाक्य मोडा

आश्रमशाळेतील मुलांचा अभ्यास घेणाऱ्या बंधुभगिनींनो, धडा सोपा करताना आधी त्यातील संज्ञा वहीत उतरवून घ्या. उदाहरणार्थ, ‘उष्णतेमुळे द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन म्हणतात.’ यातले उष्णता, द्रव, वायू, बाष्पीभवन हे शब्द राहिलेच पाहिजेत. मोडायचे ते लांब वाक्य: ‘ओले कापड उन्हात वाळते. त्यातले पाणी हा द्रव आहे. उष्णतेमुळे त्याची वाफ होते. वाफ हा वायू आहे. द्रवाचा असा वायू होणे म्हणजे बाष्पीभवन.’

पुष्कळ जण ‘बाष्पीभवन’ काढून नुसते ‘सुकणे’ लिहितात. मग पाणी कुठे गेले, असे विचारले की मूल ‘संपले’ म्हणते आणि पुढे ढगांचा धडा अडतो. ‘मुळे’ हा छोटा शब्दही गाळू नका. वाफ कशाने झाली, ते त्यावरूनच कळते.