चालणं बाराव्या महिन्यातच का?

रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका वडिलांचा प्रश्न आहे : “मुलगी १४ महिन्यांची झाली, अजून धरल्याशिवाय चालत नाही. माझ्या बहिणीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकातल्या तक्त्यात चालण्यापुढे १२ महिने लिहिलंय. वॉकर आणू का?”

त्या तक्त्यातला १२ हा आकडा सरासरी आहे, मुदत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी २००६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत कुणी आठ महिने पूर्ण होताच एकटं चाललं, तर कुणाला साडेसतरा महिने लागले.

शिवाय ही मुलगी दिवस भरण्याच्या दोन महिने आधी जन्मली, हे पत्रात शेवटी ओझरतं आलंय. खरी किल्ली तिथेच आहे. अशा बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून मोजायचं. १४ मधून २ वजा केले की विकासासाठी तिचं वय १२ महिने. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या.

अशा तक्त्यात विचारवंतांचाही रकाना असतो, पण तो वेगळ्या कामाचा आहे. मज्जासंस्था पक्व होते तसतशी कौशल्यं ठरावीक क्रमाने येतात, असं गेसेल म्हणत. क्रमाबद्दल ते बरेचसे बरोबर होते; पण मोकळ्या जमिनीवर मिळणाऱ्या सरावानेही फरक पडतो, हे आता कळलंय. पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. पहिली दोन वर्षं मूल हात, तोंड, डोळे यांनीच जग समजून घेतं, असं त्यांचं म्हणणं. बाळासमोर खुळखुळा फडक्याखाली लपवा. वर्षाच्या आतबाहेरचं बाळ बहुधा फडकं ओढून तो शोधतं. एरिकसन यांच्या मते या वयात घडतो तो माणसांवरचा विश्वास. बाळाकडे काय पाहायचं ते यातून कळतं, डॉक्टरांकडे कधी जायचं ते नाही.

म्हणून आज घरी एवढं पाहा. मुलगी खाटेला धरून उभी राहते का, भिंतीच्या आधाराने सरकते का, दोन्ही पाय सारखे टाकते का? हे होत असेल, तर थांबा. बसायचा वॉकर आणू नका. त्यात मूल पायांच्या बोटांनी ढकलतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि उंबऱ्यावर किंवा चुलीजवळ अपघात होतात. फरशीवर अनवाणी खेळू द्या.

अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयाने १८ महिने झाले तरी चालत नसेल, तर तपासणी हवीच. एक हात वा पाय कमी वापरणं, अंग ताठ किंवा फार ढिलं वाटणं, येत असलेली गोष्ट येईनाशी होणं, यांपैकी काही दिसलं तर १८ महिन्यांची वाटही पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पुढच्या फेरीसाठी न थांबता शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, आणि जन्माच्या वेळचा डिस्चार्जचा कागद सोबत न्या.