रसवंतीचा चरक: मोटर छोटी, जोर केवढा?

समजा, कुरकुंभला पुणे-सोलापूर हायवेवर रसवंती टाकायचीय आणि तुम्ही जुना चरक बघायला गेलात. मोटर 2 एचपीची, मिनिटाला 1440 फेरे. रोलर मात्र 12च फेरे फिरतो. म्हणजे वेग 120 पट घटला: पट्ट्याने 4 पट, पहिल्या गियरजोडीने 5, दुसरीने 6. वेग घटतो तसा फिरवण्याचा जोर वाढतो. घर्षणात काही गेला तरी शंभरेक पट उरतोच.

दोन-तीन ऊस एकदम घातले की धक्का बसतो. इंडक्शन मोटर लगेच थांबत नाही, अडकण्याआधी नेहमीच्या दुप्पट-अडीचपट जोर लावते. तो सगळा गियरच्या एक-दोन दातांवर येतो. अशा वेळी पट्टा घसरला तर बरंच, दात वाचतात. म्हणून "पट्टा घसरतोय, चेन टाका" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ओव्हरलोड रिले लावाच, पण तो मोटर जळू नये म्हणून असतो. तो पडायच्या आत दात तुटलेला असतो.

आता हाताचं बघू. 15 सेंटीमीटर व्यासाचा रोलर सेकंदाला 9 सेंटीमीटर आत ओढतो. बोट सापडलं की दोन सेकंदांत तळवा आत, आणि मोटरला पत्ताही लागत नाही. म्हणून गियरवर पत्र्याचं बंद कव्हर हवं, पाना लावल्याशिवाय न निघणारं. ग्रीसची नळी बाहेर काढून घ्या, म्हणजे कव्हर उघडायचं निमित्तच उरत नाही. ऊस घालायचं तोंड हात रोलरपर्यंत पोचणार नाही इतकं लांब, आणि बंद करायचं बटण ऊस घालणाऱ्याच्या हाताशी. अडकलेला चोथा काढायचा तर आधी मेन स्विच बंद.