यूट्यूबने आपला व्हिडिओ का काढला? अपील कसं करायचं?

ताईंनो, गटाची हळद, लोणची, पापड विकायला आता बऱ्याच जणी यूट्यूबवर व्हिडिओ टाकतात. म्हणून हा विषय एका उदाहरणातून समजून घेऊ.

समजा, तुमच्या गटाच्या व्हिडिओत एक ताई म्हणाली, "ही हळद रोज घ्या, कॅन्सर बरा होतो, दवाखान्याची गरज नाही." बाकी सगळा व्हिडिओ हळद दळण्याचा आहे, तरी या एका वाक्यामुळे तो काढला जाऊ शकतो. कारण ते ऐकून कुणी उपचार थांबवला तर जीव जाईल. "आमची हळद घरची, भेसळ नाही" असं खरं सांगितलं तर काहीच अडचण नाही.

व्हिडिओ काढला की ईमेल येतो. पहिल्या वेळी बहुतेक वेळा फक्त इशारा मिळतो. त्यानंतर नियम मोडला तर स्ट्राइक लागतो आणि एक आठवडा नवीन व्हिडिओ टाकता येत नाही. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेलच बंद होतं. घाबरून आपणच व्हिडिओ डिलीट केला तरी स्ट्राइक जात नाही.

कधी कधी व्हिडिओ राहतो, पण त्यावर वयाची अट लागते. मग 18 वर्षांखालच्यांना आणि लॉगिन न केलेल्यांना तो दिसत नाही. हे YouTube Studio मध्ये Content या पानावर Restrictions या रकान्यात कळतं. काही व्हिडिओ नियमाच्या अगदी काठावर असतात. ते यूट्यूब लोकांना कमी सुचवतं. त्याची सूचना येत नाही आणि त्यावर अपीलही नसतं. पण पाहणारे कमी झाले म्हणजे हेच कारण, असं लगेच धरू नका.

आता उलट उदाहरण घ्या. तुमच्या व्हिडिओत डॉक्टरबाई म्हणतात, "हळदीने कॅन्सर बरा होतो असं लोक सांगतात, पण ते खोटं आहे, तपासणी करा." हा व्हिडिओ चुकून निघाला तर अपील जरूर करा. YouTube Studio च्या Dashboard वर Channel violations या चौकटीत Appeal दाबा. एका स्ट्राइकवर अपील एकदाच करता येतं, म्हणून नीट विचार करून लिहा. "आमच्यावर अन्याय झाला" एवढं पुरत नाही. असं लिहा: "2 मिनिट 40 सेकंदाला डॉक्टर हा गैरसमज खोडून काढत आहेत. व्हिडिओ आरोग्य शिक्षणासाठी आहे."

यूट्यूब व्हिडिओ पुन्हा तपासतं आणि निकाल ईमेलने कळवतं. नियमात बसला तर व्हिडिओ परत येतो आणि स्ट्राइक जातो. नियमात बसतो पण सर्वांसाठी योग्य नाही असं वाटलं, तर वयाची अट लावून परत येतो. नियम मोडलाच असेल तर काढलेलाच राहतो.

म्हणून अपील करण्याआधी गटात बसून व्हिडिओ पुन्हा ऐका. ते वाक्य आपलं आहे की आपण ते खोडतोय, एवढं ठरवा. आपलंच असेल तर अपीलवर वेळ घालवू नका, ते वाक्य वगळून नवा व्हिडिओ करा.