हरवलेले समीकरण

असे समजा की रसायनशास्त्राच्या तासाला बाईंनी सरावासाठी एक कागद वाटला. तो परत द्यायचा होता, म्हणून तुम्ही फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला. रात्री अभ्यासाला बसलात तर फोटो सापडेना. बहुतेक फोनांत पुसलेले फोटो काही दिवस एका वेगळ्या कप्प्यात राहतात. तिथेही तो नव्हता. मग आठवेल तसे समीकरण टंकून तुम्ही मोठ्या भावाला पाठवले आणि विचारले, “दादा, हे संतुलित करून दे.” पाठवलेली ओळ अशी होती:

```
cu + hno3 = cuno32 + no2 + h2o
```

या ओळीवरून मूळ समीकरण परत मिळवता येईल का? बरेचसे येईल, पण पूर्ण नाही. जे मिळत नाही, तेच या पाठात शिकण्यासारखे आहे.

प्रथम सूत्रे नीट वाचू या. रसायनशास्त्रात अक्षर कॅपिटल आहे की लहान, याला अर्थ असतो. CO म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू, तर Co म्हणजे कोबाल्ट हा धातू. NO म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, तर No हे नोबेलियम या १०२ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्याचे चिन्ह. फोनला वाक्याचे पहिले अक्षर तेवढे मोठे करण्याची सवय असते. त्यामुळे आपण no टंकले तर तो त्याचे No करून टाकू शकतो. आपल्या ओळीत सगळीच अक्षरे लहान आहेत, तरी संदर्भावरून Cu म्हणजे तांबे आणि HNO₃ म्हणजे नायट्रिक आम्ल हे उघड आहे.

cuno32 हे मात्र कोडेच आहे. बत्तीस ऑक्सिजन अणू असलेला असा पदार्थ नाही. येथे कंस गळाला आहे, आणि तो संयुजेवरून परत बसवता येतो. नायट्रिक आम्लात तांबे विरघळून निळा द्राव होतो, तेव्हा तांब्याची संयुजा २ असते. नायट्रेट मूलकाची संयुजा १ आहे. म्हणून एका तांब्याला दोन नायट्रेट मूलके हवीत आणि सूत्र Cu(NO₃)₂ असे होते. ३ हा आकडा एका मूलकातील ऑक्सिजनचे अणू सांगतो, आणि कंसाबाहेरचा २ संपूर्ण मूलकाला लागू होतो. कंस नसेल तर हे दोन आकडे एकमेकांना चिकटतात.

आता समीकरण असे दिसते:

Cu + HNO₃ → Cu(NO₃)₂ + NO₂ + H₂O

ते संतुलित करू या. अंदाजाने आकडे घालत बसण्यापेक्षा प्रत्येक मूलद्रव्याचा हिशेब मांडणे सोपे जाते. तांब्याचा १ अणू घेतला, तर उजवीकडे Cu(NO₃)₂ चाही १ रेणू होईल. नायट्रिक आम्लाचे क रेणू लागतात असे समजा. त्यांतील दोन नायट्रोजन अणू कॉपर नायट्रेटमध्ये गेले, म्हणून NO₂ चे रेणू क – २ होतील. हायड्रोजनचे क अणू पाण्यात गेले, म्हणून पाण्याचे रेणू क/२ होतील. राहिला ऑक्सिजन. डावीकडे त्याचे ३क अणू आहेत. उजवीकडे कॉपर नायट्रेटमध्ये ६, NO₂ मध्ये २(क – २) आणि पाण्यात क/२ आहेत. म्हणून

३क = ६ + २क – ४ + क/२

यावरून क/२ = २, म्हणजे क = ४. समीकरण असे झाले:

Cu + 4HNO₃ → Cu(NO₃)₂ + 2NO₂ + 2H₂O

अणू मोजून पाहा. दोन्ही बाजूंना तांबे १, हायड्रोजन ४, नायट्रोजन ४ आणि ऑक्सिजन १२ आहेत. काम झाले असे वाटते, नाही का?

पण थांबा. तुम्ही no2 असे टंकले ते आठवणीने. कागदावर NO₂ होते, की NO होते आणि २ हा आकडा दुसरीकडूनच आठवला? मूळ सूत्र NO होते असे धरून तोच हिशेब पुन्हा करू. तांबे १ आणि आम्ल क घेतले, तर NO चे रेणू क – २ आणि पाण्याचे क/२. ऑक्सिजनचा हिशेब असा:

३क = ६ + क – २ + क/२

यावरून क = ८/३. रेणूंची संख्या अपूर्णांकात नको म्हणून सगळीकडे ३ ने गुणले, की मिळते:

3Cu + 8HNO₃ → 3Cu(NO₃)₂ + 2NO + 4H₂O

हेही मोजून पाहा. तांबे ३, हायड्रोजन ८, नायट्रोजन ८, ऑक्सिजन २४. एकही अणू कमीजास्त नाही.

म्हणजे दोन्ही समीकरणे संतुलित आहेत! येथेच पुष्कळ विद्यार्थी फसतात. समीकरण संतुलित झाले म्हणजे ते बरोबरच असले पाहिजे, असे त्यांना वाटते. संतुलन फक्त एवढेच सांगते की लिहिलेल्या पदार्थांत अणूंचा हिशेब जुळतो. तेच पदार्थ तयार होतात की नाही, हे समीकरण सांगू शकत नाही. ते प्रयोगच सांगतो.

आणि प्रयोग काय सांगतो? आम्ल संहत असेल तर तांब्यापासून थेट तपकिरी तांबूस वायू निघू लागतो. तो NO₂, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. आम्ल विरल असेल तर मुख्यतः NO हा रंगहीन वायू निघतो. मात्र परीक्षानळीच्या तोंडाशी त्याला हवेतील ऑक्सिजन भेटतो आणि तेथे तपकिरी छटा दिसू लागते, कारण 2NO + O₂ → 2NO₂ ही अभिक्रिया घडते. म्हणून रंग पाहायचा तो धातूजवळ, नळीच्या तोंडाशी नव्हे. प्रत्यक्षात दोन्ही वायू कमीअधिक प्रमाणात मिसळलेले असतात, आणि पुस्तकातील समीकरण त्यांपैकी मुख्य अभिक्रिया सांगते. तपकिरी वायू विषारी आहे. हा प्रयोग शिक्षकांनी धूर बाहेर जाईल अशा जागीच करून दाखवावा, घरी मुळीच करू नये.

तेव्हा कागदावर बाणावर किंवा आम्लाच्या नावापुढे ‘विरल’ अथवा ‘संहत’ असा जो लहानसा शब्द असेल, तोच दोन समीकरणांपैकी एकाची निवड करतो. टंकताना नेमका तोच गळाला, कारण तो समीकरणाचा भाग आहे असे तुम्हाला वाटलेच नाही.

या शब्दाने उत्तरात किती फरक पडतो? पुढचा प्रश्न असा होता असे समजा: ६.३५ ग्रॅम तांब्यापासून किती ग्रॅम वायू मिळेल? तांब्याचे अणुवस्तुमान ६३.५ धरले तर हे ०.१ मोल तांबे झाले. संहत आम्लाच्या समीकरणात १ मोल तांब्याला २ मोल NO₂ मिळतो, म्हणून ०.२ मोल. NO₂ चे रेणुवस्तुमान ४६, म्हणून ९.२ ग्रॅम. विरल आम्लाच्या समीकरणात ३ मोल तांब्याला २ मोल NO मिळतो, म्हणून ०.१ मोलाला ०.२/३ मोल. NO चे रेणुवस्तुमान ३०, म्हणून बरोबर २ ग्रॅम. एका शब्दामुळे उत्तर साडेचार पटींहून अधिक बदलले!

आता समजा, मैत्रिणीला विचारले तर ती म्हणाली, “कागदावर NO आणि NO₂ दोन्ही होते.” दोन्ही एकाच समीकरणात लिहून पाहा:

2Cu + 6HNO₃ → 2Cu(NO₃)₂ + NO + NO₂ + 3H₂O

हे जुळते. पण खालचेही जुळते:

5Cu + 16HNO₃ → 5Cu(NO₃)₂ + 2NO + 4NO₂ + 8H₂O

हे पहिल्याची पट नाही, निराळेच समीकरण आहे. आधीची दोन समीकरणे हव्या त्या प्रमाणात मिळवीत गेलो, तर अशी कितीही तयार करता येतील. एकाच प्रश्नाला अशी वेगवेगळी संतुलने निघू लागली, की ओळखावे: दोन स्वतंत्र अभिक्रिया एकात मिसळल्या गेल्या आहेत. मैत्रिणीला बहुधा कागदावरचे दोन वेगळे प्रश्न आठवत होते.

आठवणीतले आकडेही जपून वापरावेत. “आम्लापुढे ८ छापलेले होते,” एवढेच आठवले तर विरल आम्लाचेच समीकरण असणार असे वाटेल. पण संहत आम्लाच्या समीकरणाची दुप्पट केली तरी आम्लापुढे ८ च येतात. सोबत तांब्यापुढे ३ आठवत असतील, तरच तो पुरावा ठरतो.

मग भावाला काय टंकून पाठवायला हवे होते? ही ओळ पाहा:

```
Cu + HNO3 (विरल) -> Cu(NO3)2 + NO? + H2O
```

अक्षरे जशी छापली तशीच, कॅपिटल तेथे कॅपिटल. पायाशी असलेला लहान आकडा साध्या आकड्यात चालेल, पण कंस गाळायचा नाही. आधीच छापलेला सहगुणक असेल तर तो सूत्राआधी, मध्ये जागा सोडून लिहावा: 2 NO आणि NO2 यांत मग गल्लत होत नाही. विरल, संहत, उष्णता, उत्प्रेरक असा जो शब्द बाणावर किंवा कंसात असेल तो तसाच उतरावा. दिलेले वजन व प्रश्नाचे शब्दही लिहावेत, कारण ‘संतुलित करा’ आणि ‘किती वायू मिळेल ते काढा’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. आणि जे नक्की आठवत नाही, तेथे प्रश्नचिन्ह टाकावे. अंदाजाने लिहिलेले सूत्र वाचणाऱ्याला खरेच वाटते. प्रश्नचिन्ह दिसले, की तो “रंगहीन वायू होता की तपकिरी?” असे विचारू शकतो.

शेवटी तुमच्यासाठी एक ओळ. अतिशय विरल नायट्रिक आम्ल आणि जस्त यांचे हे समीकरण कोणीतरी घाईत टंकले आहे:

```
zn + hno3 = znno32 + nh4no3 + h2o
```

आधी गळालेला कंस परत बसवा, मग संतुलित करा. जस्ताचा १ अणू घेऊन सुरुवात केली तर अपूर्णांक येतील, त्यांना घाबरू नका. शेवटी सहगुणक अनुक्रमे ४, १०, ४, १ आणि ३ आले, तर तुमचा हिशेब बरोबर आहे. नंतर ‘अतिशय विरल’ हे शब्द झाकून ओळ पुन्हा वाचा आणि सांगा: NH₄NO₃ च्या जागी आणखी कोणते पदार्थ लिहूनही हे समीकरण जुळवता आले असते?