थंडीत इडलीचं पीठ का फुगत नाही?

डिसेंबर-जानेवारीत आरोग्याच्या बैठकीला गेलो की रक्तदाब मोजता मोजता एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "ताई, मे महिन्यात डब्याबाहेर सांडणारं पीठ आता सकाळपर्यंत हलत पण नाही. सोडा टाकू का?" घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत विचारतात, मुलुंडच्या चाळीतही विचारतात. सायकलवरचा इडलीवाला भोंगा वाजवत येतो तेव्हा चार इडल्या घेता येतात, पण पाच माणसांचं पोट त्यात भरत नाही. म्हणून या वेळी घरच्या पिठाबद्दलच लिहितो.

आधी पीठ फुगतं कशामुळे ते पाहू. आपण त्यात काही मिसळत नाही. डाळ-तांदळाच्या दाण्यावर आधीपासूनच बारीक जिवाणू असतात. भिजवून वाटलं की त्यांना ओल आणि खाद्य मिळतं. ते पिठातली साखर खातात, त्यातून आंबटपणा आणि वायू तयार होतो. हा वायू पिठात धरून ठेवायचं काम उडीद डाळ करते. तिच्यात प्रथिनं आणि चिकट द्रव्य असतं, त्याचे फुगे बनतात. म्हणून इडली बिघडली की तीन गोष्टी तपासायच्या: डाळ पुरेशी आहे का, ती नीट वाटली का आणि जिवाणूंना ऊब मिळाली का.

प्रमाणाचं आधी. दुकानातला उकडा तांदूळ किंवा इडलीचा तांदूळ असेल तर साडेतीन वाटी तांदळाला एक वाटी उडीद पुरते. रेशनचा साधा, न उकडलेला तांदूळ असेल तर तीन वाटीवर जाऊ नका, नाहीतर इडली घट्ट आणि चिकट होते. रेशनच्या तांदळात मूठभर भिजवलेले पोहे वाटताना घातले तर लुसलुशीतपणा येतो. तीन वाटी तांदूळ आणि एक वाटी डाळ एवढ्यात मध्यम आकाराच्या पंचवीस-तीस इडल्या होतात. भिजवताना रेशनच्या तांदळात कधी काही दाणे वेगळे दिसतात, कधी तरंगतातही. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून ते वेचून टाकू नका. त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेलं असतं. आपल्या वस्तीत रक्त कमी असलेल्या बाया-पोरी किती आहेत ते आम्ही रोज पाहतो.

डाळ चार तास भिजली की पुरे, तांदूळ पाच-सहा तास. दोन्ही वेगळे भिजवा. डाळीचं भिजवलेलं पाणी ओतून न देता वाटताना तेच थोडं थोडं घाला. वास बदलला असेल तर मात्र ताजं घ्या. डाळ स्वच्छ धुवा, पण सात-आठ वेळा चोळून चोळून धुऊ नका. डाळ जुनी असेल, पिवळसर पडलेली असेल, तर ती फेसच धरत नाही. अशा डाळीवर कितीही मेहनत केली तरी इडली बसतेच.

वाटण्यात बहुतेकांची चूक डाळीतच होते. मिक्सरमध्ये एकदम पाणी ओतून पाच मिनिटं फिरवलं की डाळ पातळ होते आणि भांडं तापतं. थंड पाणी चमच्याने घालत, अधूनमधून मिक्सर थांबवत वाटा. एक वाटी डाळीला साधारण पाऊण ते एक वाटी पाणी लागतं. झालं की नाही ते वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघा. थेंब तरंगला तर डाळीत हवा भरली आहे, बुडाला तर अजून वाटा. बोटावर घेतली की मऊ, हलकी, लोण्यासारखी लागते. तांदूळ मात्र इडलीसाठी इतका बारीक नको. चिमटीत बारीक रव्यासारखा कण जाणवला पाहिजे. डोशाला तांदूळ अगदी गुळगुळीत वाटतात आणि अर्धा चमचा मेथी डाळीबरोबर भिजवतात. डोशाला रंग येतो तो तिच्यामुळेही.

दोन्ही एकत्र करताना हाताने मिसळा. सैलपणा असा हवा की पळीतून पीठ जाड धारेने, थांबत थांबत पडेल. फुगायला जागा राहावी म्हणून डबा अर्धाच भरा. भांडं स्टीलचं घ्या. आंबट पीठ कल्हई गेलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, धातू पिठात उतरतो. उन्हाळ्यात मीठ आधीच घाला, त्याने आंबणं जरा सावकाश होतं. थंडीत पीठ फुगल्यावर घाला.

आता उबेचं. या जिवाणूंना २८ ते ३२ अंशांच्या आसपासची हवा आवडते. मे महिन्यात मुंबईत रात्रीही तेवढं असतं, म्हणून सात-आठ तासांत काम होतं. जानेवारीत पहाटे पारा १६-१७ पर्यंत उतरतो, आणि पत्र्याच्या खोलीत तो बाहेरच्याइतकाच जाणवतो. मग बारा ते सोळा तास लागतात. पीठ मेलेलं नसतं, ते सावकाश चालू असतं.

घाटकोपरच्या एका घरातली गोष्ट सांगतो. घरची बाई घरकामाला जाते, संध्याकाळी सातला परतते. साडेआठला वाटायची, सहाला पाहायची, पीठ जागच्या जागी. थेंब तरंगत होता, म्हणजे डाळ आणि वाटणं बरोबर होतं. कमी होती ती ऊब आणि वेळ. आम्ही तिला सकाळी निघताना भिजवायला आणि आल्या आल्या वाटायला सांगितलं. डबा झाकून बादलीत ठेवला, भोवती हात सुखाने ठेवता येईल इतकं कोमट पाणी, वर जुनी गोधडी. झोपण्याआधी साडेदहाला पाणी बदललं. डब्यावर बाहेरून खडूची रेघ मारली होती. सकाळी सातला पीठ रेघेच्या दीडपट वर होतं, हलवताच बुडबुडे फुटत होते. साडेसातला इडल्या उकडल्या. शेजारणीकडे फ्रिजमध्ये जुनं पीठ असेल तर विरजणासारखं दोन चमचे घेऊन मिसळा, आणखी लवकर होतं. डबा चुलीवर किंवा उकळत्या पाण्यात ठेवू नका. बुडाचं पीठ शिजतं आणि जिवाणू मरतात.

सोड्याने पीठ फुगतं, पण आंबण्याचं काम होत नाही. शिवाय सोड्यात सोडियम आहे. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांना मिठावर हा वेगळा भार. इडली पचायला हलकी असली तरी तांदळाचीच आहे, म्हणून मधुमेहाच्या माणसाने दोनच घ्याव्यात आणि डाळीचं सांबार जास्त घ्यावं.

इडल्या वाफेवर दहा-बारा मिनिटं ठेवा, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तशाच राहू द्या. वर येऊन खाली बसलेलं, पाणी सुटलेलं, नाकात जाणारा आंबट वास असलेलं पीठ जास्त आंबलेलं असतं. त्याची इडली चपटी होते, डोसा मात्र चालतो. घरी फ्रिज नसेल तर मे महिन्यात सकाळी फुगलेलं पीठ दुपारपर्यंतच वापरा. गुलाबी, नारिंगी किंवा काळे ठिपके दिसले, किंवा आंबटाऐवजी कुजका वास आला, तर वरचा थर काढून उरलेलं वापरायला जाऊ नका, सगळं टाकून द्या. काही जिवाणूंचं विष उकडूनही जात नाही.